मेंटेनन्स का वाढला? एका नोटिशीच्या आणि ग्राफच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काल कमिटीची बैठक झाली. महिन्याचा मेंटेनन्स २,०५० वरून २,३०० करायचा ठराव वार्षिक सभेत मांडायचा, आणि त्याआधी खजिनदाराने सगळ्यांना समजेल अशी नोटीस ग्राफसकट लावायची, असं ठरलं. खजिनदार म्हणजे मी. मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो, म्हणून २०२१ पासून हे काम माझ्या गळ्यात आहे. सांगलीतली आमची सोसायटी २४ फ्लॅटची. खाली पार्किंग, वर चार मजले, एक लिफ्ट, एक बोअर. दुसऱ्या कुणाला अशीच नोटीस काढायची असेल तर माझ्या चुका तरी वाचाव्यात, म्हणून लिहून ठेवतोय.

आकडे एप्रिल २०२० पासूनचेच घेतले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. त्यातली व्हाउचरं वाळवून ठेवलीत, पण वाचता येत नाहीत.

आज दुपारी तासाभरात पहिला ग्राफ केला. वर्षाला एक खांब, त्या वर्षीचा मेंटेनन्स: १,३००, १,४००, १,५५०, १,८५०, २,०५०. शून्यापासून काढला तर खांब सगळे उंच आणि सारखेच वाटायला लागले. वाढ नीट दिसावी म्हणून मीच खालची सुरुवात १,२०० केली. रात्री साडेनऊला ग्रुपवर टाकून दिला.

९ जून

सकाळी ग्रुपवर ७३ मेसेज. तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी (निवृत्त आहेत, गणित शिकवायचे) जिन्यात फूटपट्टी घेऊनच भेटले. मोबाइलवरचा ग्राफ मोठा करून त्यांनी मोजला होता. "अहो खजिनदार, पहिला खांब एक, तर शेवटचा साडेआठ. खर्च साडेआठ पट झाला का काय सोसायटीचा?"

बरोबर होतं त्यांचं. १,२०० वजा केले की पहिल्या खांबाचे शंभर उरतात आणि शेवटच्याचे साडेआठशे. खरी वाढ पाच वर्षांत ५८ टक्के आहे आणि मी ती साडेआठ पट दाखवली होती. ग्राफ काढून टाकला, पण तोवर दोघांनी तो भाडेकरूंना पुढे पाठवला होता. खांबाचा ग्राफ असेल तर सुरुवात शून्यापासूनच करायची, वाढ कितीही बारीक दिसो.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच झाली. ग्राफला कारण जोडलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी आपापलं कारण लावलं. बहुतेकांचं म्हणणं, "वॉचमनचा पगार वाढवून ठेवलाय, दुसरं काय." वॉचमन मामा जिन्याखालच्या खोलीत राहतात. त्यांच्या कानावर हे दुपारपर्यंत गेलंच. संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं 'जेवला का' विचारलं नाही.

१५ जून, रविवार

आठवडाभर रोज रात्री दीड तास बसून दुसरा ग्राफ केला. या वेळी मेंटेनन्सचा दर घेतला नाही, प्रत्यक्ष खर्च घेतला, महिन्यावार, ६० महिने. पासबुकावरून ज्या महिन्यात चेक वटला त्या महिन्यात खर्च टाकला.

ग्राफ म्हणजे भुईमुगाच्या शेतात ऊस उगवावा तसा. मधूनच एखादा महिना आभाळाला भिडलेला. जूनमध्ये लिफ्टच्या वार्षिक कराराचे पैसे जातात, जानेवारीत इमारतीच्या विम्याचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन वीजबिलं एकत्र भरली होती, कारण दिवाळीत सही करायला चेअरमन गावाला. चेअरमनना हा ग्राफ दाखवला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "जानेवारीत एवढे पैसे कशाला लागले?" म्हणजे सभेत हाच प्रश्न २४ वेळा आला असता.

सगळं परत केलं. वर्षाचा खर्च असेल तो बाराने भागून बारा महिन्यांत वाटला. वीजबिल चेकच्या तारखेला न टाकता ज्या महिन्याचं असेल त्या महिन्यात टाकलं. सिंकिंग फंडाचे फ्लॅटमागे १२५ रुपये बाजूला काढले, कारण तो खर्च नाही, साठवण आहे. आदर्श उपविधीप्रमाणे तो बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का घ्यावा लागतो. आमचा फ्लॅटचा बांधकाम खर्च सहा लाख धरलेला आहे, त्याचे वर्षाला १,५००, म्हणून १२५. हा आकडा पाच वर्षांत बदललेला नाही, त्यामुळे ग्राफमध्ये त्याला जागा देऊन उपयोग नव्हता.

थकबाकीचंही इथेच लिहून ठेवतो, कारण दोघांनी विचारलं. दोन फ्लॅटची थकबाकी आहे म्हणून बाकीच्यांचा दर वाढत नाही. दर खर्चावरून ठरतो. थकबाकीने बँकेतली शिल्लक कमी होते, आणि तो राग वेगळा आहे.

१८ जून

सात खर्चांचे सात रंग, एकावर एक रचलेले खांब. लॅपटॉपवर फार देखणं दिसत होतं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे २४ प्रती काढायला दिल्या. रंगीत प्रत दहा रुपये म्हणाला म्हणून काळ्या-पांढऱ्या घेतल्या. सात रंगांच्या जागी सात राखाडी. विमा कुठला आणि लिफ्ट कुठली ते मला स्वतःलाच सांगता येईना. ४८ रुपये गेले, पण बरं झालं.

मग खर्चाचे तीनच गट केले: माणसांचे पगार (वॉचमन आणि सफाई), वीज, आणि बाकी सगळं (लिफ्ट, पाणीपट्टी, विमा, ऑडिट, टाकी धुणं, किरकोळ दुरुस्ती). एक गट कोरा, एक तिरप्या रेघांचा, एक काळा. आणि प्रत्येक तुकड्याच्या आत आकडा लिहिला, म्हणजे रंगावर अवलंबून राहायलाच नको. साठ महिने काढून टाकले, दोनच खांब ठेवले: २०२०-२१ आणि २०२४-२५. आकडे एका फ्लॅटचे, एका महिन्याचे.

पगार ४७९ वरून ६८७. वीज ३१७ वरून ७२५. बाकी सगळं ३९९ वरून ५२१. एकूण १,१९५ वरून १,९३३.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलो. एकूण वाढ ७३८ ची. त्यातले ४०८ एकट्या विजेचे. पगाराचे २०८, आणि त्यातही वॉचमनचे १४६ च, उरलेले सफाईवाल्या बाईंचे. बोंब मामांच्या नावाने चालली होती आणि पैसे मीटरमधून जात होते.

२० जून

सेक्रेटरींना दाखवलं. ते म्हणाले, "विजेचे दर वाढलेत हो, सगळ्या सांगलीला माहिती आहे. लिहा तसं नि टाका मोकळं होऊन." मीही तसंच लिहिणार होतो. मसुद्यात वाक्य तयार होतं: 'वीजदरवाढीमुळे सामाईक वीजबिलात मोठी वाढ झाली आहे.'

पेढीवर हळदीचा हिशेब करताना कुणी नुसतं 'माल महाग पडला' म्हणालं तर आमचे शेठ विचारतात, "भाव चढला का पोती वाढली?" तेच इथे विचारायचं राहिलं होतं. रात्री वीजबिलांची फाइल काढली आणि रुपये सोडून फक्त युनिट उतरवून घ्यायला लागलो.

२२ जून, रविवार

युनिट उतरवताना एक अडचण आली. रीडिंग कधी २८ दिवसांनी घेतलेलं असतं, कधी ३३ दिवसांनी. त्यामुळे युनिट उगाच खालीवर होतात. म्हणून मागच्या रीडिंगची तारीख एका रकान्यात, चालू रीडिंगची दुसऱ्यात, युनिट तिसऱ्यात, आणि चौथ्यात रोजचे युनिट:

```
=C2/(B2-A2)
```

हे खाली ओढत नेलं आणि त्याची रेघ काढली. रुपयांची रेघ पाच वर्षं चढतच गेलेली होती. युनिटची तशी नव्हती. एप्रिल २०२० पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत रोजचे साधारण २१ युनिट, जवळपास सपाट. ऑक्टोबर २०२२ पासून एकदम ३३, आणि तिथून आजपर्यंत परत सपाट. मधे चढ नाही. सरळ एक पायरी.

दर वाढतात तेव्हा रुपये चढतात, युनिट जागचे हलत नाहीत. माणसं वाढली, एसी वाढले म्हणावं तर ते घरच्या मीटरवर, सामाईक मीटरवर नाही. आणि हळूहळू वाढलं असतं तर रेघ हळूहळू चढली असती. पायरी असेल तर त्या महिन्यात काहीतरी घडलंय.

सप्टेंबर २०२२ ची व्हाउचर फाइल काढली. गणपतीची रोषणाई, टाकी धुणं, झाडू, आणि महिनाअखेरीस एक: 'बोअर मोटार लेव्हल कंट्रोलर जळाला, मोटार डायरेक्ट केली. ३५० रुपये.' खाली खजिनदाराची सही. माझी.

२४ जून

टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा कंट्रोलरच गेला होता, म्हणून मी लगेच बोअरवर बोट ठेवलं असतं, पण सेक्रेटरींना लिफ्टचा संशय. रात्री अकरानंतर लिफ्ट बंद ठेवा म्हणाले. अंदाजावर भांडण्यापेक्षा मीटरच वाचायचं ठरवलं. एक दिवस पाच वेळा खाली उतरून सामाईक मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं.

पहाटे ५ ते सकाळी ७, ९ युनिट. ७ ते संध्याकाळी ५, ६ युनिट. ५ ते ७ परत ९. संध्याकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ५, लिफ्ट, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे सगळं धरून, ९. एकूण ३३. चार तासांत १८ युनिट आणि उरलेल्या वीस तासांत १५. लिफ्ट सुटली.

पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात काय चालतं? मामांना विचारलं.

"बोअर की. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. वायरमननंच सांगितलं हुतं, डायरेक्ट केलीया, टायमावर चालू-बंद करा म्हणून."

"टाकी भरली का ते बघता का वर?"

"गच्चीला कुलूप असतंय साहेब. किल्ली चेअरमनसायबांकडं."

पावणेतीन वर्षं हा माणूस सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावून मोटार चालवत होता. आणि लोक त्याच्या पगारावर बोलत होते.

२९ जून, रविवार

पाऊस सकाळी थांबला होता. चेअरमनकडून किल्ली घेऊन पहाटे पावणेपाचला गच्चीवर गेलो. बोअरच्या पाण्याची टाकी वेगळी आहे, संडासच्या फ्लशसाठी. झाकण सरकवून बॅटरी मारली, अर्धी होती. पाचला मामांनी मोटार लावली. ५ वाजून ३५ मिनिटांनी पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला टेकलं आणि गुळगुळ आवाज करत त्यात जायला लागलं. सातपर्यंत जातच होतं. म्हणजे दोन तासांतला जवळजवळ दीड तास मोटार बोअरमधून पाणी काढून गटारात घालत होती.

संध्याकाळी तेच. तेव्हा २५ मिनिटांत भरली. दिवसाला लागते ती एक तास, चालते चार तास. मोटार पाच एचपीची, मीटरवर तासाला साधारण ४ युनिट ओढते. तीन तास फुकट म्हणजे दिवसाला १२ युनिट. पायरीची उंची नेमकी तेवढीच.

मग इतकी वर्षं ओव्हरफ्लो कुणाला दिसला कसा नाही? कारण २०२१ मध्ये इमारत रंगवली तेव्हा ओव्हरफ्लोच्या पाण्याने भिंतीवर ओघळ येतात म्हणून रंगाऱ्याने तो पाइप पावसाच्या पाण्याच्या पाइपात जोडून दिला. भिंत स्वच्छ राहिली आणि पाणी दिसायचंच बंद झालं. ते काम कमिटीला इतकं आवडलं होतं की रंगाऱ्याला चहापाण्याचे वेगळे दिले होते.

खाली येऊन तो पाइप कुठे उतरतो ते बघितलं. मागच्या बाजूला, कुंपणाजवळ. तिथे पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं अळू आहे. पानं सुपाएवढी. या वर्षी एप्रिल-मेमध्ये, कळकळीत उन्हात, त्यांनी अख्ख्या सोसायटीला तीनदा अळूवड्या खाऊ घातल्या. मीही खाल्ल्या, दोनदा मागून. उन्हाळ्यात कोरड्या कुंपणाशी अळू माजतं कसं, हा विचार २४ घरांत एकाच्याही डोक्यात आला नाही.

२ जुलै

वायरमन (दुसरा) येऊन गेला. फ्लोट स्विच आणि कंट्रोलर २,२००, गच्चीपासून खालपर्यंत वायर ९००, मजुरी ८००. एकूण ३,९००. टाकीत फ्लोट सोडलाय. पाणी खाली गेलं की तो लोंबतो आणि मोटार चालू होते, भरलं की तरंगून उलटतो आणि बंद. ओव्हरफ्लोचा पाइपही पावसाळी पाइपातून काढून गच्चीच्या कठड्याबाहेर मोकळा सोडायला लावला. भिंतीवर ओघळ आले तर येऊ देत. ओघळ दिसला की कुणीतरी ओरडेल, तेच हवंय.

६ जुलै, आषाढी एकादशी

ओरडले, पण भलत्याच कारणाने. सकाळी सहाला चौथ्या मजल्यावरून फोन, फ्लशला पाणी नाही. एकादशीला अर्धी सोसायटी पहाटे उठलेली. गच्चीवर गेलो तर टाकी रिकामी आणि फ्लोट टाकीत पाणी पडतं त्या पाइपाला वेटोळं घालून उलटा अडकलेला. त्याला वाटतंय टाकी भरली आहे.

केबल लांब सोडली होती आणि फ्लोट पाइपाच्या अगदी जवळ टांगला होता, पाण्याच्या धारेने ढकलत नेला. वायरमन दुपारी आला. फ्लोट दुसऱ्या कोपऱ्यात नेला, केबलवर वजन अडकवून फक्त हातभर टोक मोकळं ठेवलं. ते वजन डब्यातच होतं, त्याने पहिल्या वेळी लावलंच नव्हतं. वजन जिथे असतं त्याच्याभोवती फ्लोट वरखाली फिरतो आणि टोक जितकं मोकळं तितकी मोटार उशिरा सुरू होते. हे बसवून घेताना आपण समोर उभं राहून एकदा टाकी रिकामी आणि एकदा भरलेली करून बघायची. मी बघितलं नाही, म्हणून अर्धा दिवस बादल्या वाहिल्या गेल्या.

१३ जुलै, रविवार

सात दिवस रोज सकाळी सातला मीटर वाचला. २१, २०, २२, २१, २१, २३, २०. तेवीसच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. पायरी उतरली.

आता नोटिशीसाठी हिशेब. महिन्याचं सरासरी बिल २०२०-२१ मध्ये ७,६०० होतं, २०२४-२५ मध्ये १७,४००. वाढ ९,८०० ची. यातली दराची किती आणि आमच्या चुकीची किती?

पहिल्यांदा मी सोपं करायला गेलो. १७,४०० ला ९८० युनिटने भागलं, युनिटला पावणेअठरा रुपये पडले, ते वाया गेलेल्या ३६० युनिटने गुणले. ६,३९० आले. हे चुकलं. वीजबिल टप्प्यांनी असतं: पहिले १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि ५०० च्या पुढचे. प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा. आमचे लागणारे ६२० युनिटच ५०० ओलांडतात, त्यामुळे वाया जाणारं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात पडतं. तिथे वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट वीस रुपयांच्या पुढे जातं.

म्हणून त्याच बिलाचे दर घेऊन टप्प्याटप्प्याने ६२० युनिटचं बिल मांडलं. जवळपास १०,००० आलं. म्हणजे आज काहीच वाया गेलं नसतं तरी बिल ७,६०० चं १०,००० झालंच असतं. हे २,४०० दरवाढीचे. उरलेले ७,४०० गटारात गेलेल्या पाण्याचे. फ्लॅटमागे महिन्याला १०० आणि ३०८.

ऑक्टोबर २०२२ ते जून २०२५ हे ३३ महिने त्या त्या वर्षीच्या दराने मोजले तर सव्वादोन लाखांच्या वर रक्कम जाते. कंट्रोलर ३,९०० चा होता.

१९ जुलै

कमिटीत नोटिशीवर वाद. सेक्रेटरींचं म्हणणं, सव्वादोन लाख लिहू नका, सभेत फाडून खातील. 'तांत्रिक बिघाड' लिहा. मी म्हटलं, मग दर का कमी होतोय हे कसं सांगणार? बिघाड दुरुस्त झाला म्हणून दर उतरला म्हटलं की पुढचा प्रश्न, किती दिवस होता बिघाड. आणि गुरुजी तर व्हाउचर बघायला मागणारच, सभासद म्हणून तो त्यांचा हक्क आहे. शेवटी चेअरमन म्हणाले, "त्यांची सही आहे, ते लिहितायत, तुम्हाला काय अडचण?" ठरलं.

२,३०० चा ठराव मागे घेतला. १,९३३ मधून ३०८ गेले की १,६२५, सिंकिंग फंड धरून १,७५०. मामांना आणि सफाईच्या बाईंना दोन वर्षं पैसे नाहीत म्हणून पगारवाढ दिली नव्हती. ती अनुक्रमे १,००० आणि ५०० धरली की फ्लॅटमागे साधारण ६३. लिफ्टच्या कराराची वाढ आणि थोडी सवड ठेवून १,९०० वर आलो.

२७ जुलै, रविवार

नोटिशीचा मसुदा पाच वेळा लिहिला. पहिला दोन पानी होता, त्यात उपविधीची कलमं, ग्राफचं वर्णन, वीजदराचा इतिहास. बायकोने वाचून विचारलं, "मला किती भरायचे ते कुठे लिहिलंय?" दुसऱ्या पानाच्या शेवटी होतं. ते पहिल्या ओळीत आणलं. शेवटचा असा झाला:

*सर्व सभासदांना कळवण्यात येते की, मासिक मेंटेनन्स २,०५० रुपयांवरून १,९०० रुपये करण्याचा प्रस्ताव १७ ऑगस्टच्या वार्षिक सभेत मांडला जाईल.*

*सोबतच्या ग्राफमध्ये दोन खांब आहेत. दोन्ही एका फ्लॅटचा एका महिन्याचा खर्च दाखवतात आणि दोन्ही शून्यापासून सुरू होतात. सिंकिंग फंडाचे १२५ रुपये त्यात धरलेले नाहीत. पाच वर्षांत खर्च १,१९५ वरून १,९३३ झाला. वाढलेल्या ७३८ रुपयांपैकी १४६ वॉचमनच्या आणि ६२ सफाईच्या पगाराचे, १२२ लिफ्ट, पाणीपट्टी, विमा व इतर बाबींचे, १०० वीजदराचे आहेत.*

*उरलेले ३०८ रुपये बोअरची मोटार गरजेपेक्षा रोज तीन तास जास्त चालल्यामुळे गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये लेव्हल कंट्रोलर जळाल्यावर तो नवीन न बसवता मोटार थेट जोडण्यात आली. त्या खर्चाला मंजुरी खजिनदाराने दिली होती व नंतर वापरलेले युनिट तपासले नाहीत. एकूण नुकसान सव्वादोन लाख रुपयांहून अधिक आहे. वॉचमन दिलेल्या सूचनेप्रमाणेच मोटार चालवत होते. २ जुलैला नवीन कंट्रोलर बसवला असून सामाईक मीटरचे रोजचे रीडिंग ३३ वरून २१ युनिटवर आले आहे. बिले व व्हाउचर दर रविवारी १० ते १२ पाहता येतील.*

'अपरिहार्य', 'महागाईच्या पार्श्वभूमीवर', 'सहकार्याची अपेक्षा' हे तिन्ही शब्द आधी होते, खोडले.

१ ऑगस्ट

नोटीस आणि ग्राफ आज लिफ्टशेजारी लावला, प्रती घरोघरी दिल्या, पोच म्हणून सह्या घेतल्या. सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, म्हणून आजच.

पहिल्या मजल्यावरच्या एका सभासदांनी जुनाच मुद्दा काढला की आम्ही लिफ्ट वापरत नाही तर पैसे का. लिफ्टचा खर्च वापर असो-नसो, त्या इमारतीतल्या सगळ्यांनी समान द्यायचा असतो, उपविधीत तसंच आहे. ते मान हलवून गेले, पटलं म्हणून नव्हे.

गुरुजी आले, खिशातून फूटपट्टी काढून दोन्ही खांब मोजले, आणि आत लिहिलेल्या आकड्यांशी पडताळले. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, रविवारी येतो, सप्टेंबर बावीसची फाइल बाहेर काढून ठेवा.

३ ऑगस्ट, रविवार

दहा ते बारा फाइली मांडून बसलो. गुरुजींसह चौघे आले. एकाने रागाने विचारलं की सव्वादोन लाख कमिटीकडून वसूल का करू नयेत. मी म्हटलं सभेत मांडा, विषयपत्रिकेवर घेतो. घेतलाय.

जवळजवळ दोन महिन्यांचा जमाखर्च: ३,९०० कंट्रोलर, ४८ वाया गेलेल्या झेरॉक्स, ७२ नवीन प्रती, आणि माझे पन्नासेक तास, त्यातले बाराएक पहिल्या दोन ग्राफांवर. युनिटचा ग्राफ आधी काढला असता तर एका संध्याकाळी झालं असतं. आता लिफ्टजवळच्या फळ्यावर दर महिन्याला रुपये नाही, रोजचे सरासरी युनिट लिहायला मामांना सांगितलंय. जुलैचे २१ त्यांनी खडूने मोठ्ठे काढलेत.

बाराला आवरत होतो तर काकू आल्या. नोटीस वाचली म्हणाल्या, चांगलं केलंत. थोडं थांबून म्हणाल्या, "मग उन्हाळ्यात अळूला पाणी कोण घालणार?"

एक बादली मी घालीन म्हटलंय.